अ‍ॅक्रिलिकमध्ये मातकट तपकिरी आणि शेवाळी हिरवा हवाय, दरवेळी सिमेंट तयार होतंय

अनघा_रे
आजोळच्या जांभ्याच्या गडग्याचं चित्र करतेय, राजापूरजवळचं गाव. फोटो श्रावणातला आहे. ओले चिरे, वर शेवाळ, फटींतून डोकावणारे नेचे, मागे भाताची खाचरं. कॅनव्हास बोर्डवर अ‍ॅक्रिलिक, आणि रंग म्हणजे साधा विद्यार्थ्यांचा १२ ट्यूबांचा सेट. त्यात लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू, सॅप ग्रीन, हलका हिरवा, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, काळा आणि पांढरा आहे.

शाळेत शिकले होते की लाल आणि हिरवा मिसळला की तपकिरी होतो. म्हणून क्रिमसन आणि सॅप ग्रीन घेते. फार गडद होतो, मग पांढरा घालते. तिथेच घोळ होतो. चिऱ्याचा रंग न येता ओल्या सिमेंटचा येतो, वर जांभळट झाक. शेवाळासाठी थॅलो ब्लू आणि लेमन घेतले तर प्लास्टिकच्या खुर्चीसारखा हिरवा होतो. तो दबवायला लाल घातला, उजळ करायला पांढरा घातला, की पुन्हा राखाडी. नक्की कुठल्या पायरीला बिघडतंय?

जुना_कुंचला
दोनपेक्षा जास्त रंग कधी मिसळू नका, एवढा एकच नियम पाळा. तिसरा रंग आला की चिखल झालाच. आणि काळी ट्यूब सेटमधून काढून कोणाला तरी देऊन टाका. काळ्याने रंग मरतो. मी इतकी वर्षं काळ्याशिवाय रंगवतोय, काही अडत नाही.

सिंधुदुर्गकर
ताई, जांभ्याला अ‍ॅक्रिलिक लावूच नका. आमच्या शेजाऱ्यांनी कंपाउंडच्या चिऱ्यांना बाहेरून इमल्शन मारलं. चिरा पाणी पितो, ते आत अडकलं आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे निघाले. चिरा उघडाच बरा. शेवाळ नको असेल तर मे महिन्यात ताराच्या ब्रशने घासून घ्या.

अनघा_रे
@सिंधुदुर्गकर दादा, गडगा नाही रंगवत, गडग्याचं चित्र रंगवतेय :) शेवाळ हवंच आहे.

सिंधुदुर्गकर
अरे देवा. मग चालू द्या. आमच्याकडे तेका गडगो म्हणतत. पण चित्र झालं की इथे दाखवा.

ड्रॉइंगमास्तर
अनघाताई, तुमच्या मिश्रणात दोन वेगळ्या गोष्टी बिघडतायत. आधी त्या सुट्या करू.

पहिली गोष्ट क्रिमसनची. तपकिरी म्हणजे अंधारातला नारिंगी. त्यात पिवळा आणि लाल यांचं पारडं जड राहिलं पाहिजे, निळा अगदी कमी. क्रिमसनमध्ये निळसर झाक असते. सॅप ग्रीन बहुतेक कंपन्यांमध्ये मिश्रच असतो, त्यातही निळ्याकडे झुकणारा हिरवा असतो. म्हणजे दोन्हीकडून निळा येतो आणि तिन्ही मूळ रंग जवळजवळ बरोबरीला येतात. बरोबरी झाली की रंग उरत नाही. क्रिमसनऐवजी व्हर्मिलियन घेतला असता तर त्याच हिरव्यातून बऱ्यापैकी तपकिरी निघाला असता.

दुसरी गोष्ट पांढऱ्याची. आपल्या ट्यूबमधला पांढरा टायटॅनियमचा. तो उजळ करतो, पण त्याबरोबर रंग थंड करतो, खडूसारखा करतो. आधीच बरोबरीला आलेल्या गडद मिश्रणात तो पडला की आतापर्यंत लपलेला राखाडी उघडा पडतो. म्हणजे पांढऱ्याने राखाडी केला नाही, आत होता तो दाखवला.

आणि मुळात तपकिरी बनवायला का बसलात? तुमच्या सेटमध्ये बर्न्ट सिएना आहे. जांभ्याला लाली देणारं लोखंडाचं ऑक्साइडच त्या ट्यूबमध्येही असतं. तयार रंग हाताशी असताना लाल-हिरव्यातून तिथे पोहोचायचा आटापिटा नको.

आता चिरा रंगवू. पॅलेटवर वाटाण्याएवढा बर्न्ट सिएना काढा, शेजारी तेवढाच यलो ऑकर, थोड्या अंतरावर अल्ट्रामरीन. पांढरा सुरुवातीला काढूच नका. उन्हाची बाजू सिएना आणि ऑकर अर्धे अर्धे. अजून उजळ हवी तर ऑकर वाढवा, मग कणभर लेमन. तरी पुरत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा, आणि तो घातल्यावर रंग फिका-थंड वाटला तर पुन्हा थोडा ऑकर. उजळ करण्याचं काम पिवळ्याने करायचं, पांढऱ्याने फक्त शेवटचा हात.

सावलीची बाजू सिएनात अल्ट्रामरीन घालून. एकदम नको, सुरीच्या टोकाने थोडा थोडा. साधारण चार भाग सिएनाला एक भाग निळा असेपर्यंत उबदार चॉकलेटी राहतो. निळा वाढत गेला की कोळशासारखा काळपट होतो आणि त्यापुढे निळसर राखाडी. प्रत्येक कंपनीच्या निळ्याचा जोर वेगळा, म्हणून प्रमाण पाठ करू नका, तो वळतो कुठे ते बघा. गडद मिश्रण कुठल्या बाजूला झुकलंय हे डोळ्याला कळत नाही. त्यातला थेंबभर बाजूला घेऊन त्यात पांढरा मिसळा. गुलाबी-बदामी दिसला तर तपकिरीच्या बाजूला आहात, निळसर दिसला तर सिएना वाढवा. तो थेंब चाचणीपुरता, पुन्हा मुख्य ढिगात ढकलू नका.

थॅलो ब्लू सध्या टोपण लावून ठेवा. जोर इतका की सुरीला लागलेला रंगही ढीग बदलून टाकतो, आणि सिएनाबरोबर तो हिरवट काळ्याकडे जातो.

जुना_कुंचला
मास्तर, सिएना, ऑकर, लेमन आणि पांढरा. चार झाले की! माझा नियम मोडलात.

ड्रॉइंगमास्तर
मोडला खरा. पण तुमच्या नियमात तथ्य आहे, फक्त मोजणी चुकतेय. किती ट्यूबा यापेक्षा त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत की शेजारच्या, हे महत्त्वाचं. सिएना, ऑकर, लेमन हे तिघे एकाच गल्लीतले. कितीही मिसळा, चिखल होणार नाही. उलट क्रिमसन आणि सॅप ग्रीन दोनच ट्यूबा, पण सॅप ग्रीनमध्ये आधीच दोन-तीन रंगद्रव्यं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं असतं. अल्ट्रामरीनवर फक्त पीबी २९ दिसेल, सॅप ग्रीनवर बहुधा एकापेक्षा जास्त संकेत दिसतील. स्वस्त सेटमध्ये कधी काहीच छापत नाहीत, तिथे अंदाजच.

वसुधा_नाशिक
माझा अनुभव थोडा निराळा, पण सांगते. गणपतीच्या सजावटीला मोठ्या कापडावर डोंगर रंगवले होते. ओलं असताना अगदी हवा तसा मातकट हिरवा होता. सकाळी उठून बघते तर काळपट. घरच्यांना वाटलं मी रात्री पुन्हा हात फिरवला. कापडामुळे झालं का? रंगात पाणीही बरंच घातलं होतं.

ड्रॉइंगमास्तर
कापडाने थोडा रंग शोषला असेल, पण मुख्य कारण अ‍ॅक्रिलिकचं आहे. त्यातला चिकट द्राव ओला असताना दुधासारखा पांढुरका असतो, वाळला की पारदर्शक होतो. तो पांढुरकेपणा गेला की रंग एक पायरी गडद दिसतो. मिश्रण कागदाच्या तुकड्यावर ओढून हेअर ड्रायरने वाळवा आणि मगच कापडाला लावा. अनघाताईंनाही हे लागू. ओल्या रंगाकडे बघून पांढरा किती घालायचा ते ठरवू नका. मोठ्या कापडासाठी लागेल तेवढा रंग एकदमच करून बंद डब्यात ठेवायचा, दुसऱ्यांदा तोच रंग जुळत नाही.

अनघा_रे
मास्तर, चिऱ्यांचं जमलं! सिएना-ऑकरने पहिल्याच फटक्यात जांभा दिसायला लागला. थेंबात पांढरा घालून बघायची युक्ती फार कामाची. मला जो 'तपकिरी' वाटत होता तो खरं तर निळ्याच्या बाजूला गेलेला होता.

आता शेवाळ. सॅप ग्रीनमध्ये पांढरा घालून चिऱ्यांवर लावलं आणि कडेला पुन्हा तोच राखाडी. पॅलेटवर तो राखाडी नव्हता, चित्रावर झाला.

सलील_डब्लिन
चिरा ओला असतानाच लावलंत का? मग मिश्रण पॅलेटवर नाही, बोर्डवर झालं. हिरवा आणि लालसर तपकिरी एकमेकांना खातात, वर दोन्हींत पांढरा. खालचा थर पूर्ण वाळू द्या, पातळ असेल तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मुंबईच्या जुलैत जरा जास्त लागतील. मग जवळजवळ कोरड्या, आखूड केसांच्या ब्रशवर थोडासा हिरवा घेऊन घासत लावा. चिऱ्याचा लाल मधूनमधून दिसत राहतो आणि हिरवा आपोआप दबतो, काही मिसळायला लागत नाही.

इथे आयर्लंडमध्ये दगडी कुंपणं रंगवताना मी हेच करतो. फक्त इथला दगड राखाडी, त्यामुळे उलटा त्रास. सगळं आधीच राखाडी, त्यात हिरवा जिवंत ठेवायचा.

ड्रॉइंगमास्तर
सलीलरावांचं निदान बरोबर. हिरव्याच्या मिश्रणाबद्दल मी थोडं सांगतो.

थॅलो आणि लेमन दोघेही हिरव्याकडे झुकलेले. एक हिरवट निळा, दुसरा हिरवट पिवळा. त्यांचं मूल भडकच होणार. मग त्याला लालाने मारायचं आणि मेलेल्याला पांढऱ्याने उठवायचं, असा उलटा खटाटोप होतो. त्यापेक्षा दबलेलेच आईबाप निवडा. अल्ट्रामरीनमध्ये जांभळट झाक, यलो ऑकर मुळातच मातकट. त्या दोघांतून सरळ मळकट, धुळकट हिरवा निघतो, लाल घालावाच लागत नाही. ऑकर भरपूर, निळा थोडा. निळा वाढला की हाही राखाडीकडे जातो, कारण अल्ट्रामरीनमधली लालसर झाक हिरव्याला मारते. तेव्हा कणभर लेमन घातला की तो परत हिरव्याकडे येतो. भाताच्या खाचरांच्या पलीकडच्या झाडीला हा रंग चांगला.

पण पावसातलं ओलं शेवाळ इतकं मातकट नसतं. त्यासाठी सॅप ग्रीनच घ्या. त्यात ऑकर घालून पिवळ्याकडे न्या आणि सुरीच्या टोकावर येईल एवढा बर्न्ट सिएना. चार-पाच भाग हिरव्याला एक भाग सिएना झाला की ऑलिव्हकडे जातो, अजून घातला की वाळलेलं शेवाळ. सिएनाऐवजी व्हर्मिलियननेही हिरवा दबतो, पण त्याचा जोर जास्त, पाऊल चटकन पुढे पडतं. क्रिमसन इथे अजिबात नको. शेवाळाच्या उजेडाच्या कडेला लेमन घाला, पांढरा नको.

जुना_कुंचला
आणि ऑलिव्हसाठी काही जण लेमनमध्ये काळा घालतात, ते मला पटत नाही. परत सांगतो, काळा नको.

रेवती_क
पण काका, लेमनमध्ये काळा हा तर फार सुंदर ऑलिव्ह आहे! एकदा करून बघा. काळा पिवळ्यात निळ्यासारखा वागतो. मी रानातल्या वाळक्या गवतासाठी तेवढंच वापरते. लेमनचा ढीग आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढा काळा. यलो ऑकरमध्ये काळा घातला तर अजून जुनाट, खाकी होतो.

जुना_कुंचला
केला. हिरवा कसला, मळका तपकिरी झाला.

रेवती_क
तुमची काळी ट्यूब कुठली? मार्स ब्लॅक असेल तर तो तपकिरीकडे झुकतो. माझा लॅम्प ब्लॅक आहे, त्याची झाक निळसर. आणि पिवळा लेमनच घेतलात ना, नारिंगीकडचा तर नाही?

जुना_कुंचला
ट्यूबवर नुसतं 'ब्लॅक' आहे. पिवळा कुठला तेही आता बघावं लागेल.

ड्रॉइंगमास्तर
दोघांचंही खरं. काळ्याने रंग मरतो तो मुख्यतः सावली करताना. चिऱ्याचा रंग घेतला, त्यात काळा घातला, झाली सावली, असं केलं की सगळ्या सावल्या एकसारख्या काजळी होतात. तिथे सिएना-अल्ट्रामरीनच. पण पिवळ्यातला काळा हा वेगळा प्रयोग. त्यासाठी आपला काळा कुठल्या झाकेचा आहे ते त्यात भरपूर पांढरा घालून बघायचं. निळसर राखाडी आला तर ऑलिव्ह चांगला मिळेल.

रेवती_क
अनघा, आधीचा सिमेंट झालेला बोर्ड टाकलास का? टाकू नकोस. तो पूर्ण वाळलाय ना? मग बर्न्ट सिएनात ग्लेझिंग मीडियम भरपूर घालून, अगदी चहाच्या पाण्यासारखा पातळ थर चिऱ्यांवर दे. नुसतं पाणी घातलंस तर रंग डागडाग होतो आणि नीट चिकटत नाही, म्हणून मीडियम. वाळला की अजून एक. शेवाळाच्या जागी ऑकरचा किंवा सॅप ग्रीनचा थर. खालचा राखाडी आतून सावलीचं काम करतो आणि वर रंग येतो. यात पांढरा कुठे मध्ये येतच नाही, म्हणून खडूसारखं होत नाही.

एक अडचण आहे. ग्लेझने रंग फक्त गडद होतो, उजळ होत नाही. राखाडी फिकाच असेल तर वाचेल. आधीच काळपट असेल तर त्यावर आधी ऑकर आणि पांढऱ्याचा थर देऊन, वाळवून, मग ग्लेझ.

अनघा_रे
अगं, टाकणारच होते. राखाडी फिका आहे, करून बघते. मीडियम नाहीये, नुसतं पीव्हीए गोंद चालेल का?

रेवती_क
सरावाला चालेल, ठेवायच्या चित्राला नको. पांढरा गोंद वाळल्यावर ओलसर हवेत पुन्हा मऊ पडू शकतो आणि काही गोंद पिवळेही पडतात. मीडियमची छोटी बाटली घेच, किंवा चकाकी चालणार असेल तर ग्लॉस मीडियम.

सलील_डब्लिन
एक वेगळा मुद्दा. पांढऱ्या बोर्डवर सुरुवात करू नका. आधी बर्न्ट सिएना पातळ करून पूर्ण बोर्डला फासा, वाळू द्या, मग चित्र. हिरव्याच्या फटींतून तो लाल डोकावला की हिरवा आपोआप मातकट वाटतो. आणि पांढऱ्यावर सगळेच रंग गडद वाटतात म्हणून आपण घाबरून पांढरा घालतो, तेही टळतं.

ड्रॉइंगमास्तर
कोकणातल्या चित्राला मी सिएनाची जमीन देणार नाही. चिरे त्यात हरवतात, सगळं चित्र विटेसारखं होतं. ऑकरची जमीन द्यावी, त्यावर चिरे लाल आणि शेवाळ हिरवं, दोन्ही उठतात.

सलील_डब्लिन
मास्तर, मला उलटं वाटतं. ऑकरवर सॅप ग्रीन फार पिवळट दिसतो, पावसाळी ओल राहत नाही. पण माझा उजेड ढगाळ, तुमचा कोकणचा. कदाचित त्यानेही फरक पडत असेल.

सिंधुदुर्गकर
तुम्ही सगळे रंगाबद्दल बोलताय, मी चिऱ्याबद्दल सांगतो. श्रावणातला जुना चिरा सगळा लाल नसतो हो. नवीन खाणीतला चिरा लाल-पिवळा, पण गडग्याचा वर्षानुवर्षं पावसात भिजून काळा पडतो, त्यावर राखी-पांढरे ठिपके येतात. लाल दिसतो तो कुठे चिरा फुटला असेल किंवा कोणी कोयती घासली असेल तिथे. फोटो नीट बघा. सगळे चिरे गेरूसारखे केलेत तर तो नवीन बांधलेला वाटेल.

ड्रॉइंगमास्तर
या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुमचं आहे. अनघाताई, म्हणजे तो सिमेंटचा रंग हवाच आहे, फक्त सगळीकडे नको. पाठीवरचे दगडफुलांचे ठिपके आणि चिऱ्याचा भिजलेला काळा यांना तो जसाच्या तसा वापरा. आणि त्याला लागून तुटलेल्या कडेला शुद्ध सिएना ठेवा. राखाडीच्या शेजारी तोच सिएना पॅलेटवर दिसतो त्याहून जास्त पेटलेला वाटतो. पूर्ण चित्रात सिएना पसरला तर मात्र कुठलाच चिरा उठून दिसणार नाही. छिद्रांना बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, पण छिद्रं मोजून काढू नका. उजेडाच्या बाजूला थोडी, सावलीत जवळजवळ नाहीतच.

अनघा_रे
फोटो मोठा करून बघितला, दादा म्हणतात तसंच आहे! वरची ओळ जवळजवळ काळी. मी आठवणीतला लाल रंगवत होते. मग जुन्याच बोर्डवर काम करते. वरच्या ओळीला राखाडी ठेवते, खालच्या फुटक्या चिऱ्यांना सिएनाचे ग्लेझ, शेवाळ कोरड्या ब्रशने.

फक्त एक शंका. भिजलेल्या काळ्या चिऱ्याला सिएना-अल्ट्रामरीन निळ्याकडे झुकवू की तपकिरीकडे?

ड्रॉइंगमास्तर
आकाश दिसतंय त्या वरच्या पृष्ठभागाला निळ्याकडे, उभ्या बाजूला तपकिरीकडे. ओला दगड वरून आभाळ दाखवतो.

जुना_कुंचला
काळी ट्यूब तपासली. पांढऱ्यात मिसळली तर तपकिरी राखाडी आला. म्हणजे रेवतीबाई म्हणतात तसा मार्स असणार. लॅम्प ब्लॅक कुठे सुटी ट्यूब मिळते का? नाशिक-पुण्यात चालेल. एकदा करून बघतो, पटलं नाही तर परत येऊन भांडेन.

वसुधा_नाशिक
नाशिकच्या दुकानात मला सुट्या ट्यूबेत फक्त मार्स आणि आयव्हरी दिसला होता. लॅम्प असेल तर मलाही कळवा.